६५ वॉटचा चार्जर २५ वॉटच्या चार्जरपेक्षा हळू का? पीपीएसची भानगड

प्रश्न : लॅपटॉपसोबत आलेला ६५ वॉटचा टाइप-सी चार्जर आहे. त्याला माझा सॅमसंगचा २५ वॉटवाला फोन लावला की नुसतं `Fast charging` दाखवून राहिला. भावाच्या लहानशा २५ वॉटच्या चार्जरला लावला की लगेच `Super fast charging` येते. मोठा चार्जर हळू कसा काय? पीपीएस नाही म्हणून, असं एकाने सांगितलं. हे काय असते आणि नवीन चार्जर काय पाहून घेऊ?

उत्तर :

भाऊ, त्या एकाने बरोबर सांगितलं. चार्जर बिघडलेला नाही आणि फोनही ठीक आहे. नागपुरात बर्डीला मोबाईल दुरुस्तीच्या टेबलावर माझी सोळा वर्षं गेली. गेल्या तीन-चार वर्षांत, फोनच्या डब्यात चार्जर येणं बंद झाल्यापासून, हीच तक्रार घेऊन आठवड्याला दोघं-तिघं तरी येतात. त्यातले निम्मे आधी कुठेतरी चार्जिंग पोर्ट बदलून आलेले असतात. पोर्टचा काही संबंध नसतो.

आधी त्या ६५ आकड्याचं पाहू. चार्जरवरचा वॉटचा आकडा म्हणजे तो जास्तीत जास्त किती देऊ शकतो, एवढंच. किती घ्यायचं ते फोन ठरवतो. टाइप-सी चार्जर फोनला जोडला की तो आधी आपली यादी सांगतो : माझ्याकडे ५ व्होल्ट आहे, ९ आहे, १५ आहे, २० आहे, आणि प्रत्येकावर इतके अँपिअर. फोन त्यातलं एक निवडतो. या सगळ्या बोलण्याला पॉवर डिलिव्हरी, म्हणजे आपण पीडी म्हणतो ते. लॅपटॉपचे बहुतेक चार्जर २० व्होल्टसाठी बनवलेले असतात आणि त्यांचे ६५ वॉट त्या २० व्होल्टवरच मिळतात. ९ व्होल्टवर तोच चार्जर साधारण ३ अँपिअर, म्हणजे २७ वॉट देतो. तुमच्या फोनला तेवढेही पुरले असते. तरी तो घेत नाही, आणि खरी गोष्ट तिथेच आहे.

आपल्याकडच्या कूलरला हाय, मीडियम, लो असं बटण असते. मधलं काही नाही. साध्या पीडीचं तसं आहे, पायऱ्या ठरलेल्या. पीपीएस, म्हणजे प्रोग्रॅमेबल पॉवर सप्लाय, हे पंख्याच्या गोल फिरणाऱ्या रेग्युलेटरसारखं समजा, आणि तो फिरवणारा हात फोनचा. फोन म्हणतो, मला ८.२४ व्होल्ट दे. चार्जर देतो. थोड्या वेळाने म्हणतो, आता ८.२६ कर. तेही करतो. व्होल्टेज ०.०२ व्होल्टच्या टप्प्याने बदलता येते आणि करंटची मर्यादा ०.०५ अँपिअरच्या टप्प्याने. हे बोलणं चार्जिंग सुरू असेपर्यंत चालूच राहावं लागते. नियमाप्रमाणे फोनने दर दहा सेकंदांच्या आत पुन्हा मागणी पाठवायची. काही सेकंद जास्त गेले आणि फोन गप्पच राहिला, तर चार्जर सगळं सोडून परत ५ व्होल्टवर येतो. पीडीच्या ३.० आवृत्तीत २०१७ मध्ये ही सोय आली. त्यामुळे त्याआधीच्या चार्जरमध्ये ती सापडणार नाही, आणि नंतरच्या चार्जरमध्येही ती द्यायलाच पाहिजे असं बंधन नाही. लॅपटॉपला तिची गरज नसते, म्हणून लॅपटॉपवाले बरेचदा टाकत नाहीत.

आता फोनला एवढ्या बारीक मापाचं व्होल्टेज कशाला पाहिजे? ते समजायला फोनच्या आत डोकवावं लागेल.

तुमच्या बॅटरीचं व्होल्टेज स्थिर नसते. रिकामी असताना साडेतीनच्या आसपास, अर्धी भरली की ३.८-३.९, आणि पूर्ण भरताना ४.४ च्या जवळ जाते. चार्जरकडून येतात ९ व्होल्ट. हे ९ खाली आणून बॅटरीच्या पचनी पाडायचं काम जुन्या पद्धतीत फोनच्या बोर्डावरची एक आयसी आणि तिच्या शेजारची कॉइल करते. बोर्ड उघडला की चार्जिंग आयसीजवळ चौकोनी काळा ठोकळा दिसतो ना, ती कॉइल. ही पद्धत सोयीची आहे, कारण समोरून काहीही व्होल्टेज येऊ द्या, ती सांभाळून घेते. पण सांभाळून घेण्याची किंमत उष्णता. समजा ती शंभरातले नव्वद भाग बॅटरीकडे पोचवते. मग १५ वॉट आत गेले तर दीड वॉट फोनच्या पोटात तापण्यात जातात, आणि २५ वॉट गेले तर अडीच. बॅटरी स्वतः तापते ते वेगळंच. बंद काचेच्या डबीत अडीच वॉटची उष्णता म्हणजे फोन हातात धरवत नाही. म्हणून कंपनी या वाटेवर स्वतःच लगाम लावते. सॅमसंगमध्ये तो लगाम साधारण १५ वॉटला बसतो. तुम्हाला दिसलेलं `Fast charging` ते हेच.

२५ वॉटसाठी फोनमध्ये दुसरी वाट असते, चार्ज पंप. इथे कॉइल नाही, फक्त कपॅसिटर आणि स्विच. कपॅसिटर आधी बॅटरीच्या पुढे एका ओळीत जोडला जातो, तेव्हा आलेलं व्होल्टेज दोघांत अर्धं-अर्धं वाटलं जाते. पुढच्या क्षणी तोच कपॅसिटर बॅटरीला समांतर लागतो आणि साठवलेलं तिच्यात ओततो. सेकंदाला लाखो वेळा हे चालते. परिणाम सरळ आहे : व्होल्टेज निम्मं होते, करंट दुप्पट होतो, आणि वाया फार कमी जाते. शंभरातले सत्त्याण्णव भाग पोचले असं धरलं तर २५ वॉटमागे उष्णता पाऊण वॉट. जुन्या वाटेने १५ वॉट नेताना होत होती, तिच्या निम्मी.

पण या पंपाला एक खोड आहे. तो निम्मं करतो, फक्त निम्मं. किती यायचं ते त्याला कमी-जास्त करता येत नाही. बॅटरी ३.८ व्होल्टवर असेल तर समोरून ७.६ च्या जरासं वर पाहिजे. बॅटरी ४.२ वर गेली की ८.४ च्या जरासं वर. त्या 'जरासं वर'च्या फरकावरच करंट किती वाहील ते ठरते. आता ३.८ च्या बॅटरीसमोर सरळ ९ व्होल्ट लावा. निम्मे झाले साडेचार. बॅटरी आणि पंप यांच्यात ०.७ व्होल्टचा फरक, आणि मध्ये अडवायला कोणी नाही, म्हणजे करंट बेफाम. फोन तसं होऊच देत नाही. चार्जर व्होल्टेज माझ्या मागणीप्रमाणे हलवू शकतो का, हे तो आधी विचारतो. उत्तर नाही आलं की पंप बंद ठेवतो आणि जुन्या कॉइलच्या वाटेने १५ वॉटवर समाधान मानतो.

थोडक्यात, व्होल्टेज सांभाळायचं काम फोनमधून उचलून भिंतीवरच्या चार्जरकडे दिलं आहे. उष्णताही त्याच्यासोबत तिकडे गेली. तुमच्या भावाचा छोटा चार्जर ते काम करतो, लॅपटॉपचा मोठा करत नाही.

मागच्या महिन्यात असंच एक प्रकरण आलं होतं. धरमपेठेतल्या एक काकू, ५,००० एमएएचचा फोन, सोबत मुलाचा लॅपटॉप चार्जर. माझ्याकडे टाइप-सीचा मीटर आहे, केबल आणि चार्जरच्या मध्ये लावायचा. फोन १० टक्क्यांवर होता. त्यांचा चार्जर लावला, मीटरवर ९.०२ व्होल्ट आणि १.६५ अँपिअर. दहा मिनिटं पाहिलं, व्होल्टेज तिथेच खिळलेलं. म्हणजे १५ वॉट. मग मी माझा पीपीएसवाला चार्जर लावला, केबल तीच. आधी ५ व्होल्ट आले, मग ९, आणि चार-पाच सेकंदांत आकडा खाली आला : ८.१६. नंतर ८.१८, ८.२०, असा मुंगीच्या पावलाने वर चढत राहिला. करंट २.७ अँपिअर. हे २२ वॉट झाले. काकू म्हणाल्या, "अरे, व्होल्ट कमी झालं की रे!" कमी झालं, बरोबर. पण पंपातून पुढे बॅटरीत जात होते पाच अँपिअरच्या वर.

वेळेत किती फरक पडतो तेही काढून दाखवलं. ५,००० एमएएच म्हणजे साधारण १९ वॉट-तास. १० ते ५० टक्के म्हणजे त्यातले साडेसात. कॉइलच्या वाटेने बॅटरीत साडेतेरा वॉट पोचत असतील तर त्याला तेहतीस-चौतीस मिनिटं लागतात. पंपाच्या वाटेने २१ वॉट पोचले तर एकवीस-बावीस. म्हणजे बारा मिनिटांची बचत. ८० टक्क्यांनंतर मात्र बॅटरीच करंट कमी घेते, तिथे दोन्ही चार्जर जवळपास सारखेच चालतात. रात्रभर फोन लावून ठेवणाऱ्याला पीपीएसचा काडीचा फायदा नाही, हे मी काकूंनाही सांगितलं. त्यांनी चार्जर घेतला नाही. माझा धंदा बुडाला, पण ठीक आहे.

तुम्हाला घ्यायचाच असेल, तर डब्यावरचे मोठे अक्षर सोडून द्या आणि चार्जरच्या अंगावरची बारीक छपाई वाचा. मोबाईलचा कॅमेरा झूम करून वाचावी लागते, एवढी बारीक असते. साध्या चार्जरवर असं दिसेल :

```
Output: 5V⎓3A, 9V⎓3A, 15V⎓3A, 20V⎓3.25A
```

आणि पीपीएस असेल तर त्याखाली आणखी एक ओळ, जिच्यात व्होल्टेज 'इथपासून तिथपर्यंत' असं दिलेलं असते :

```
PPS: 3.3-11V⎓3A
```

ही 'पासून-पर्यंत'ची ओळ म्हणजेच पीपीएस. ती नसेल तर दुकानदार काहीही म्हणो, सोडून द्या. मागे एका ऑनलाइन दुकानातून आलेला चार्जर माझ्या टेबलावर होता, डब्यावर ठळक 'पीपीएस' आणि अंगावर फक्त चार ठरलेल्या पायऱ्या. मीटरवर तो ९.० च्या बाहेर गेलाच नाही. छपाईसोबत बीआयएसचं चिन्ह आणि `R-` ने सुरू होणारा नोंदणी क्रमांकही पाहून घ्या. तुमच्या २५ वॉटच्या फोनला वरच्यासारखी ११ व्होल्टपर्यंतची ओळ पुरेशी आहे. त्यासाठी ६५ वॉटचा घ्यायची गरज नाही, ३० च्या आसपासचा बरोबर.

४५ वॉटवाला फोन असता तर उत्तर बदललं असतं, आणि इथे भलेभले फसतात. ते फोनही पंपच वापरतात, म्हणजे साधारण दहा व्होल्टच्या आसपासच मागणी करतात, आणि ४५ वॉटसाठी करंट चार अँपिअरच्या वर लागतो. बाजारात ६५ वॉटचे असे कितीतरी चार्जर आहेत ज्यांची पीपीएसची ओळ `3.3-21V⎓3.25A` अशी असते. गुणाकार केला तर ६८ वॉट, बघून खूश होतो माणूस. पण दहा व्होल्टवर त्याचे होतात साडेबत्तीस. फोनवर `Super fast charging` येते, `Super fast charging 2.0` येत नाही. म्हणून अशा फोनसाठी ११ व्होल्टच्या ओळीपुढे किती अँपिअर लिहिले तेच पाहायचं. सोबत केबलही ५ अँपिअरची पाहिजे. टाइप-सीच्या साध्या केबलला ३ अँपिअरची मर्यादा असते. ५ अँपिअरच्या केबलमध्ये एक छोटी चिप बसवलेली असते, ती चार्जरला सांगते की माझ्यातून जास्त जाऊ दे. चिप नसेल तर चार्जर तीनच्या वर जातच नाही. तुमच्या २५ वॉटला ही अडचण नाही, तुमची केबल दोन्हीकडून टाइप-सी असली की झालं. एका बाजूला जुना चपटा यूएसबी-ए असलेली केबल मात्र चालणार नाही, कारण पीडीचं बोलणं ज्या तारेतून होते ती तार त्या चपट्या तोंडापर्यंत येतच नाही.

आता नागपूरचं म्हणून एक. चार्जर बरोबर, केबल बरोबर, तरी मे महिन्यात दुपारी `Super fast charging` गायब होते किंवा लिहिलेलं राहूनही वेग येत नाही. वर्धा रोडवरून गाडीच्या होल्डरला मॅप लावून आलेला फोन आधीच तापलेला असतो, बॅटरी चाळीसच्या वर. अशा वेळी फोन स्वतः मागणी कमी करतो. मीटरवर ओळखायचं सोपं आहे : व्होल्टेज बारीक बदलत असेल, म्हणजे ८.३-८.४ च्या भानगडीत असेल, पण करंट एकच्या खाली पडलेला असेल, तर पीपीएस चालू आहे आणि फोनच हात आखडून घेऊन राहिला आहे. व्होल्टेज ९.० वर खिळलेलं असेल तर पीपीएस जुळलंच नाही. पहिल्या बाबतीत कव्हर काढून, स्क्रीन बंद करून फोन पंखा-कूलरपुढे दहा मिनिटं ठेवा. फ्रीजमध्ये ठेवू नका, आत पाणी धरते. असे फोनही माझ्याकडे येतात.

मीटर नसेल तर फोनच्या स्क्रीनवरची अक्षरं पुरतात, पण आधी सेटिंगमध्ये बॅटरीच्या पानावर `Super fast charging` चालू आहे का ते पाहा. काही जण 'बॅटरी खराब होते' म्हणून बंद करून ठेवतात आणि मग विसरतात. दोन-तीन पोर्टचा चार्जर घेणार असाल तर हेही ध्यानात ठेवा की दुसऱ्या पोर्टला काही लावलं की चार्जर आपली शक्ती नव्याने वाटतो. क्षणभर चार्जिंग तुटते, आणि परत जोडताना कधीकधी त्या पोर्टची पीपीएसची ओळ लहान होते किंवा जाते. त्याची वाटणी बहुधा डब्याच्या मागे किंवा माहितीपत्रकात दिलेली असते.

दुसऱ्या कंपन्यांचं विचारलं नाही, पण घरात दोन प्रकारचे फोन असतातच. पिक्सेल आणि नथिंगसारखे फोनही पूर्ण वेगासाठी पीपीएस मागतात. तुमच्या फोनसाठी घेतलेला चार्जर त्यांनाही कामी येतो. बरेचसे आयफोन ९ व्होल्टच्या ठरलेल्या पायरीवरच आपला वेग गाठतात, त्यांना तुमचा लॅपटॉपचा चार्जरही चालतो. वनप्लस, ओप्पो, विवो यांची ६५-८० वॉटची गोष्ट वेगळी. त्यांचं स्वतःचं तंत्र आहे, आणि तो वेग त्यांच्या चार्जर-केबलनेच मिळतो. पीपीएसवर ते किती घेतात ते मॉडेलप्रमाणे बदलते, तिथे मी सरसकट आकडा सांगणार नाही.

तुमच्यापुरतं म्हणाल तर लॅपटॉपचा चार्जर रात्री पलंगाजवळ राहू द्या. सकाळी घाईच्या वेळेला भावाचा मागा. तो देत नसेल तरच नवीन घ्या, `3.3-11V` ची ओळ वाचून. बर्डीत मोदी नंबरच्या गल्ल्यांत घेणार असाल तर फोन सोबत न्या, २० ते ५० टक्क्यांमध्ये चार्ज असलेला. दुकानातच लावून पाहा आणि अक्षरं आली की पैसे द्या. ९० टक्के भरलेला फोन नेऊन लोक तपासतात आणि वेग येत नाही म्हणून चांगला चार्जर परत ठेवून येतात.